'पप्पा पुण्याला गेलेत' असं सांगून बसलोय, पाच वर्षांच्या पोराला आता खरं कसं सांगायचं?

जाई_मावशी

माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर गेल्या आठवड्यात रात्री झोपेतच हार्ट अटॅकनं वारले. वय ३८. गाव हुक्केरी तालुक्यात. मुलगी ११ वर्षांची, मुलगा नुकताच ५ पूर्ण झालाय. त्या पहाटे मुलाला शेजारी नेऊन ठेवलं आणि माती झाल्यावर संध्याकाळी घरी आणलं. घरातल्या मोठ्यांनी ठरवून त्याला सांगितलं की पप्पा कामाला पुण्याला गेलेत.

आता तो रोज फोन लावून द्या म्हणतो. परवा काही केल्या गप्पच बसेना, तेव्हा त्याच्या काकांनी आतल्या खोलीतून फोन करून पप्पांसारखं बोलून त्याला शांत केलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोनची वाट बघत बसतो. मुलीला सगळं माहीत आहे, पण भावासमोर रडायचं नाही अशी तिला ताकीद दिलीय. रक्षाविसर्जन झालं, बारावा पुढच्या आठवड्यात आहे. चौकात फोटोचा फ्लेक्स लागलाय, म्हणून पोराला त्या वाटेनं नेत नाहीत.

बहीण म्हणते सांगूया, सासरचे म्हणतात मोठा झाल्यावर कळेल. खरं सांगायचं झालं तर कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत? आधी खोटं सांगितलंय त्याचं काय करायचं? जाणकारांनी सांगा, घाई आहे.

चिकोडी_गुरुजी

जाईताई, फार वाईट झालं. माझं मत स्पष्ट सांगतो. पाच वर्षांच्या मुलाला मरण कळत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मेलेला माणूस परत येतो असंच मुलांना वाटतं. मग आत्ता सांगून काय साधणार? त्याचं खाणं, झोपणं, शाळा वेळच्या वेळी चालू ठेवा, घरातली रडारड त्याच्या कानावर पडू देऊ नका. पोरं विसरतात. समज आली की आपोआप कळेल.

घटप्रभाकाठ

मृत्यूचा दाखला आधी काढून घ्या, जास्त प्रती घ्या. मग नाडकचेरीत वंशवृक्षासाठी अर्ज करा, दोन्ही मुलांची नावं आधार कार्डाप्रमाणेच लागली पाहिजेत. बहिणीला विधवा वेतनाचाही अर्ज करता येईल. मुलं लहान आहेत तोवर त्यांच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे सासरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

जाई_मावशी

दादा, कागदपत्रांचं नंतर बघूच, धन्यवाद. आत्ता प्रश्न पोराला सांगायचा आहे.

शुभदा_टिळकवाडी

जाईताई, मी लहान मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. सांगायचंच, आणि बाराव्याच्या आत सांगायचं. कारण आधी सांगते, म्हणजे सासरच्यांशी बोलताना तुम्हाला उपयोग होईल.

गुरुजींचं अर्धं बरोबर आहे. या वयाच्या मुलाला मरण कायमचं असतं हे एका दमात कळत नाही. आज ऐकून 'बरं' म्हणेल आणि उद्या 'पप्पा कधी येणार' विचारेल. पण पूर्ण कळत नाही याचा अर्थ काहीच कळत नाही असा नाही. घरात माणसं जमलीत, आई जेवत नाही, ताई कोपऱ्यात बसते, आपण आलो की सगळे गप्प होतात, हे सगळं त्याला दिसतंय. कारण कुणी सांगितलं नाही की तो स्वतः शोधतो, आणि पाच वर्षांचं मूल कारण स्वतःतच शोधतं. 'मी दंगा केला, म्हणून पप्पा मला न सांगता गेले.' पुण्याला गेलेला बाप फोन करत नाही, भेटायला येत नाही, याचा त्याच्या डोक्यात एकच अर्थ होतो, पप्पांना मी नको झालोय. हे दुःख मरणाच्या दुःखापेक्षा वाईट, कारण ते खोटं असून संपत नाही.

शिवाय हे झाकून राहणार नाही. चौकातला फ्लेक्स आज चुकवाल. घरात हार घातलेला फोटो लागेल, शाळेत एखादं पोर तोंडावर म्हणेल. परक्याकडून कळलं की बाप गेल्याचं दुःख होईलच, वर घरच्यांवरचा विश्वासही जाईल.

तो फोन मात्र आजच बंद करा. काकांनी मायेपोटीच केलं, त्यांना कुणी दोष देऊ नका. पण मुलाच्या कानानं पप्पांचा आवाज ऐकलाय. आता तुम्ही खरं सांगितलंत तरी तो म्हणेल, 'काल तर बोलले माझ्याशी.' जितके फोन होतील तितकं हे जड जाणार. त्यामुळे सांगताना त्या फोनबद्दलही खरं सांगावं लागेल, आणि ते काकांनीच सांगितलं तर उत्तम.

रात्री सविस्तर लिहिते.

निपाणीकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या पुतण्याची आई दोन महिन्यांपूर्वी कॅन्सरनं गेली. तो १४ वर्षांचा आहे. एक टिपूस रडला नाही. दिवसभर मोबाईलवर गेम, नाहीतर मित्रांबरोबर ग्राउंडवर. विचारलं तर 'ठीक आहे' म्हणतो. याला दुःख झालंच नाही का?

शुभदा_टिळकवाडी

निपाणीकर, तुमचं नंतर घेते, विसरणार नाही. आधी जाईताईंचं.

कोणी सांगायचं? आईनंच, जमत असेल तर. आईला बोलवत नसेल तर तिनं त्याला मांडीवर घेऊन बसावं आणि शब्द तुम्ही किंवा मामांनी बोलावेत. पण आई तिथं हवीच, कारण ऐकल्याबरोबर तो तिचं तोंड बघणार. आईला रडू आलं तर येऊ दे. 'मला पप्पांची आठवण येते म्हणून मी रडते, तुझ्यामुळे नाही,' एवढं तिनं म्हणावं.

कधी? सकाळी, खाणं झाल्यावर. रात्री झोपायच्या आधी मुळीच नाही. या घरात तर वडील झोपेतच गेलेत. पुढचा सगळा दिवस विचारायला, रडायला, खेळायला मोकळा मिळाला पाहिजे. समाचाराला येणारी माणसं नसतील अशी वेळ बघा, टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका.

त्याच्याआधी, आदल्या दिवशी, मुलीला एकटीला बाजूला घ्या. तिला सांगा, 'उद्या आम्ही त्याला खरं सांगणार. तुला आता काही लपवायचं नाही, आणि त्याला सांगायची जबाबदारी तुझी नाही.' या पोरीवर दोन ओझी आहेत, बापाचं दुःख आणि भावाशी खोटं बोलणं. दुसरं तरी उतरवा.

शब्द साधारण असे ठेवा. पाठ करायचे नाहीत, पण क्रम सोडू नका.

'तुला एक फार वाईट गोष्ट सांगायची आहे. आम्ही तुला पप्पा पुण्याला गेलेत म्हणून सांगितलं. ते खरं नव्हतं. कसं सांगावं ते आम्हाला कळत नव्हतं. पप्पा मेलेत. त्यांच्या छातीत हृदय असतं ना, ते बंद पडलं. डॉक्टरांनाही ते चालू करता आलं नसतं. हृदय बंद पडलं की माणूस श्वास घेत नाही, जेवत नाही, बोलत नाही, त्याला दुखत नाही, थंडी वाजत नाही. मेलेला माणूस परत येत नाही. पप्पा आता परत येणार नाहीत.'

इथं थांबा. तो काय करतो ते बघा. रडेल, किंवा 'मी खेळायला जाऊ?' म्हणेल. दोन्ही बरोबर. घाईनं गप्पा भरू नका. मग जवळ घेऊन एवढंच: 'तू काही केलंस, काही बोललास, म्हणून पप्पा मेले नाहीत. कुणामुळेच नाही. तुला जेवायला घालायला, शाळेत सोडायला, रात्री जवळ झोपायला आई आहे, मी आहे, आज्जी आहे.'

मग काकांनी पुढे येऊन म्हणावं, 'त्या दिवशी फोनवर पप्पा नव्हते, मी होतो. तू रडत होतास म्हणून मी तसं बोललो. आता पुन्हा बोलणार नाही.'

इंदूआज्जी_शहापूर

बाई, 'पप्पा मेलेत' असं लेकरासमोर? आमच्यात जनावराला म्हणतात तसं. माणूस वारला म्हणावं, देवाघरी गेला म्हणावं. देवाचं नाव घेतलं तर बिघडतं कुठं?

शुभदा_टिळकवाडी

आज्जी, मोठ्यांशी बोलताना वारलेच म्हणावं. पण पाच वर्षांच्या मुलानं 'वारले' हा शब्द कधी वापरलेला नसतो, त्यातून त्याला काही उमजत नाही. मेलेली मुंगी, रस्त्यावर मेलेलं कुत्रं त्यानं बघितलेलं असतं. ते उठत नाही, हे त्याला माहीत असतं. म्हणून एकदा तो शब्द लागतोच. 'पप्पा वारले, म्हणजे मेले' असं जोडून म्हटलं तरी चालेल.

देवाबद्दल. तुमच्या घरची श्रद्धा मुलाला द्यायला कुणाची ना नाही. फक्त क्रम पाळा, आधी शरीराचं काय झालं ते आणि मग श्रद्धेचं. नुसतं 'देवाघरी गेले' म्हटलं की मुलाला ते एक गाव वाटतं. तिकडे बस जाते का, पप्पा तिकडून का येत नाहीत, मला का नेलं नाही, असे प्रश्न येतात. 'देवाला आवडले म्हणून नेलं' हे तर अजिबात नको. मग देव चांगल्या माणसांना नेतो आणि आई सगळ्यात चांगली आहे, हा हिशोब ते मूल रात्री अंथरुणात मांडतं. काही मुलं देवघरात जायलाही भितात. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या मावश्यांनाही सांगून ठेवा, 'देवरु करकोंड होद्रु' हेही त्याच्यापुढं नको. तो दोन्ही भाषा ऐकतो, घरात एक आणि कट्ट्यावर दुसरं झालं की गोंधळतो.

अंगणवाडीताई_खानापूर

शुभदाताईंनी लिहिलंय त्यात झोपेचं राहिलं, ते मी लिहिते. लहान मुलांत सगळ्यात जास्त घोळ त्याचाच होतो.

वडील झोपेत गेले हे घरातलं कुणीतरी त्याच्यासमोर बोलणारच, किंवा बोलून झालंही असेल. 'झोपले ते उठलेच नाहीत.' लहान मूल याचा सरळ अर्थ घेतं, झोपलं की माणूस मरतो. मग ते झोपायलाच तयार होत नाही, किंवा रात्री दोनदा-तीनदा आईला हलवून उठवतं. घरच्यांना वाटतं हट्ट करतोय. तो हट्ट नसतो, आई जिवंत आहे का हे तो बघत असतो.

यावर नुसतं समजावून भागत नाही, दाखवावं लागतं. दुपारी आईनं आडवं व्हावं आणि त्याचा हात आपल्या छातीवर ठेवावा. 'बघ, वर-खाली होतंय. मी श्वास घेतेय. आता हाक मार.' त्यानं हाक मारली की डोळे उघडावेत. मग त्याचा हात त्याच्याच छातीवर. 'झोपलेल्या माणसाचं हृदय चालू असतं, हाक मारली की तो उठतो. पप्पांचं हृदय बंद पडलं होतं. झोपेमुळे नाही.' दोन-चार दिवस खेळासारखं करा. रात्री त्यानं उठवलं तर रागावू नका, हात छातीवर ठेवू द्या, परत झोपवा.

अंथरूण ओलं करायला लागेल, बोबडं बोलेल, भरवा म्हणेल, अंगठा चोखेल. हे काही आठवडे चालतं. रबरी चादर घाला, विषय काढू नका. 'एवढा मोठा झालास आणि' असं म्हणालात की लांबतं.

'आजारी होते' असंही मोघम सांगू नका. आईला साधी सर्दी झाली तरी घाबरेल. 'हे सर्दी-तापासारखं नव्हतं, असं फार क्वचित होतं,' हे जोडायचं.

जाई_मावशी

ताई, खरंच त्याला झोप येत नाहीये, आम्ही म्हणत होतो दिवसभर खेळत नाही म्हणून. 'झोपले ते उठलेच नाहीत' हे आज्जी आल्या-गेल्याला सांगते आणि तो तिथंच फिरत असतो.

त्यानं 'आई, तू पण मरणार का?' असं विचारलं तर काय म्हणायचं? 'नाही रे बाळा' असंच तोंडात येतं.

शुभदा_टिळकवाडी

येतंच. पण 'कधीच नाही' म्हणू नका. ते खोटं आहे आणि एकदा खोटं पकडलेलं मूल ते ओळखतं. असं म्हणा, 'सगळी माणसं कधी ना कधी मरतात, पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. माझी तब्येत चांगली आहे. मी तू मोठा होईपर्यंत जगेन असं मला वाटतं.' त्याच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, मग माझं कोण बघणार? त्याचं उत्तर नावानिशी द्या. 'मला काही झालं तर जाईमावशी आणि मामा तुला बघतील.' नाव घ्यायच्या आधी त्या माणसांना विचारून ठेवा.

आई बाहेर गेली की परत कधी येणार ते त्याला कळेल असं सांगायचं. 'आत्ता येते' नको. 'तू दूध प्यायच्या वेळेला येते' म्हणा आणि त्या वेळेला या. उशीर होणार असेल तर फोन करा. पुढचे काही महिने याच्यासारखं औषध नाही.

तोच प्रश्न तो वीस वेळा विचारेल. वीस वेळा तेच उत्तर, त्याच शब्दांत. सांगितलेलं कळलं नाही म्हणून तो विचारत नाही, उत्तर बदललं नाही ना हे तपासतो.

चिकोडी_गुरुजी

शुभदाताई, मुलगा 'मी खेळायला जाऊ' म्हणेल असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याला दुःख होतं हे कशावरून? आणि खाणं-झोपणं-शाळा वेळेवर, हे माझं तरी चूक नाही ना?

शुभदा_टिळकवाडी

गुरुजी, ते शंभर टक्के बरोबर, आणि या सगळ्यात तेच सगळ्यात कठीण आहे. सुतकाच्या दिवसांत घराचं वेळापत्रक मोडतं. मुलाचं जेवण, आंघोळ, झोप एका माणसाकडे सोपवा, रोज तेच माणूस.

मुलं दुःख थोडं थोडं करतात. दहा मिनिटं रडतात, मग गोट्या खेळतात, मग जेवताना ताट ढकलतात. मोठ्यांसारखं दिवसभर दुःखात बसणं त्यांना झेपत नाही. खेळतोय म्हणजे विसरला असं नाही. खेळातसुद्धा बघा, बाहुलीला झोपवेल, जाळेल, पुरेल. ते थांबवू नका.

निपाणीकर, तुमच्या पुतण्याचं उत्तर याच्याच पुढचं. १४ वर्षांच्या मुलाला मरण मोठ्यांइतकंच कळतं. पण घरात रडलं तर बाबा अजून खचतील, मित्रांत रडलं तर वेगळा पडेन, म्हणून तो गेममध्ये शिरतो. 'रडत का नाहीस' असं विचारू नका, 'आता बाबांना तूच आधार' हेही नको. समोर बसवून विचारलं की ही मुलं मिटतात. गाडीवर मागं बसवून नेताना, शेतात काम करताना, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा आईचा विषय तुम्ही काढा. 'वहिनी असती तर आज असं म्हणाली असती.' तो काही बोलला नाही तरी चालेल. कॅन्सर होता तर एक विचारून बघा, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्याला काही सलतंय का. दवाखान्यात गेलो नाही, तेव्हा चिडून बोललो, असं काहीतरी बऱ्याचदा असतं.

निपाणीकर

शेवटच्या आठवड्यात त्याची परीक्षा म्हणून आम्हीच त्याला दवाखान्यात नेलं नव्हतं. लक्षात आलं.

शाळेतल्या_बाई

मी मराठी शाळेत शिकवते. शाळेबद्दल थोडं.

बारावा झाला की पाठवा, महिनाभर घरी ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस अर्धा दिवस चालेल. त्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष भेटून तीन गोष्टी सांगाव्यात. काय झालं, मुलाला कोणत्या शब्दांत सांगितलंय, आणि त्याला रडू आलं तर कुणाला फोन करायचा. शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची असेल तर हे जास्तच लागतं. बाईंनी वर्गातल्या मुलांना तो यायच्या आधी सांगायचं, तो समोर असताना नाही. त्याला पुढे उभं करून डोक्यावरून हात फिरवत 'बिच्चारा' म्हणू नये. एवढ्यानंच मुलं शाळेला नको म्हणायला लागतात.

मुलीच्या बाबतीत डायरीवरची सही, 'वडिलांचे नाव व व्यवसाय' असले फॉर्म, 'माझे बाबा' असले निबंध, हे आधीच शिक्षकांना सांगून ठेवा. आठवडाभर अभ्यास होणार नाही, वाचलेलं लक्षात राहणार नाही. ते आळस म्हणून लिहून पाठवू नका, एवढं आम्हा शिक्षकांना सांगावं लागतं.

जाई_मावशी

मुलीबद्दल विचारायचंच होतं. ती आईच्या मागं मागं करते, भांडी घासते, भावाला आंघोळ घालते. सगळे म्हणतात किती शहाणी पोर.

शुभदा_टिळकवाडी

या शहाणपणाची मला जास्त काळजी वाटते. 'आता तूच भावाची आई', 'तूच घरची मोठी' हे तिच्या कानावर पडलं असेलच. एखादं काम तिला आवडीनं करायचं असेल तर करू द्या, पण भावाची आंघोळ कुणीतरी मोठ्या बाईनं काढून घ्या आणि तिला मैत्रिणीकडे पाठवा.

अकराव्या वर्षी मरण कायमचं असतं, सगळ्यांना असतं, हे कळलेलं असतं. आता तिला तपशील हवेत. हृदय का बंद पडलं, पप्पांना कळलं का, वेळेवर नेलं असतं तर वाचले असते का, मला आणि भावाला होईल का. यातलं जे माहीत आहे ते सरळ सांगा, माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. आनुवंशिकतेचं तिला डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याच तोंडून ऐकवलेलं बरं. शांत बसलेली असताना एक प्रश्न विचारा, 'पप्पांशी शेवटचं काय बोलणं झालं होतं?' भांडण झालं असेल तर तेच ती धरून बसलेली असते. 'भांडणानं हृदय बंद पडत नाही,' हे तिलाही स्पष्ट शब्दांत ऐकावं लागतं, भावाइतकंच.

दोघांना पप्पांची एकेक वस्तू द्या, त्यांनी निवडलेली. कपडे घाईनं वाटून टाकू नका. आणि कागदपत्रांची, जमिनीची बोलणी मुलांच्या देखत नकोत. घटप्रभाकाठ यांनी सांगितलेलं कामाचं आहे, पण ते दुसऱ्या घरी बसून करा.

जाई_मावशी

काल सकाळी सांगितलं. बहिणीनंच सांगितलं, मी शेजारी होते. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग पप्पांची गाडी कोण चालवणार?' नंतर काकांनी फोनचं सांगितलं तेव्हा मात्र फार चिडला, काकांना मारलं. काका तसेच बसून राहिले. दुपारी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. रात्री दोनदा उठला, आईच्या छातीवर हात ठेवला, झोपला.

आज विचारतोय, 'पप्पा कुठं आहेत?' स्मशानात नेलं, अग्नी दिला, हे सांगायचं का? आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला नदीवर सगळे जाणार, त्याला न्यायचं का?

शुभदा_टिळकवाडी

काकांना मारलं हे ठीक झालं, राग जिथं जायला हवा तिथंच गेला. आठवडाभर काकांनी त्याच्या आसपास राहावं.

अग्नीचं विचारलंय तर सांगायचं. 'मेलेल्या माणसाच्या शरीराला काही कळत नाही, दुखत नाही, भाजत नाही. केस कापताना दुखत नाही तसं. म्हणून आपल्यात शरीराला अग्नी देतात आणि राख नदीत सोडतात.' भाजत नाही हे आधी, अग्नी नंतर. ज्यांच्यात पुरतात त्यांची मुलं विचारतात मातीत श्वास कसा घेतात. तिथंही उत्तर तेच, श्वास लागत नाही.

दहाव्याला नेऊ नये असं माझं मत आहे. आत्ताच आपण त्याला पप्पा परत येत नाहीत हे सांगितलं. तिथं सगळे हात जोडून म्हणतात 'या, शिवा' आणि कावळा येतो. या वयात त्याला कावळा म्हणजे पप्पा वाटेल. नाही शिवला तर पप्पा रागावलेत वाटेल. मुलीला मात्र विचारा, तिला यायचं असेल तर न्या.

अंगणवाडीताई_खानापूर

माझं मत थोडं वेगळं. सगळं घर नदीवर गेलं आणि त्याला पुन्हा शेजारी ठेवलं, तर त्या पहाटेसारखंच झालं की. काय दिसणार, कोण रडणार, हे आदल्या दिवशी सांगून, एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवून न्यावं. कंटाळला की त्या माणसानं घेऊन परत यावं.

इंदूआज्जी_शहापूर

न्यावंच. कावळा शिवला की पोराच्या जीवाला शांत वाटेल. आमच्या लहानपणी सगळी मुलं जायची.

शुभदा_टिळकवाडी

ताई, शेजारी ठेवण्याबद्दलचं तुमचं म्हणणं पटतं. न्यायचंच ठरलं तर त्यालाही विचारा, आणि कावळ्याबद्दल एकच वाक्य आधी सांगून ठेवा, 'पप्पांच्या आठवणीनं आपण कावळ्याला जेवायला घालतो. कावळा म्हणजे पप्पा नाहीत.' आज्जींना हे पटणार नाही, पण त्याच्यासमोर दोन माणसांनी दोन गोष्टी सांगू नयेत एवढी त्यांना विनंती. घरचं ठरवणं तुमच्याकडे.

जाई_मावशी

बहिणीशी बोलते. एक शेवटचं. आज तो म्हणाला, 'मला पप्पांकडे जायचंय.' माझे हातपाय गार पडले.

शुभदा_टिळकवाडी

घाबरू नका आणि दटावूही नका. विचारा, 'पप्पांकडे जायचं म्हणजे काय करायचंय तुला?' पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा 'त्यांना बघायचंय, त्यांच्या गाडीवर बसायचंय' असंच म्हणतं. मग म्हणा, 'मलाही बघावंसं वाटतं, पण जाता येत नाही. फोटो बघूया?' तेच वाक्य तो मरायचंय असं म्हणून बोलला, किंवा स्वतःला इजा होईल असं काही केलं, किंवा अकरा वर्षांच्या मुलीच्या, १४ वर्षांच्या मुलाच्या तोंडून आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली मानस क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, तिथंही दाखवता येतं.

बाकी आठवडे गेले तरी खाणं सुटलेलंच आहे, शाळेला महिना झाला तरी पाऊल टाकत नाही, खेळणंच बंद झालंय, किंवा सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडलेलं आहे, असं दिसलं तर वाट बघू नका, दाखवा. हे काही नसेल तरीही मधूनच गणपतीला, दिवाळीला, वाढदिवसाला पुन्हा सुरुवातीसारखं रडेल. आणि आठ-नऊ वर्षांचा झाला की सगळे प्रश्न नव्यानं विचारेल, कारण तेव्हा त्याला वेगळं कळायला लागलेलं असेल. तेव्हा 'हे तर तुला सांगितलं होतं' असं म्हणू नका, पुन्हा पहिल्यापासून सांगा.

निपाणीकर

काल पुतण्याला गाडीवरून संकेश्वरला नेलं. जाताना काहीच नाही. परतताना एवढंच म्हणाला, 'काका, शेवटी मम्मीनं माझं नाव काढलं होतं का?' मी त्या वेळी तिथं नव्हतो, काय सांगू?

शुभदा_टिळकवाडी

तिथं जे होते त्यांना आज विचारा आणि ते म्हणतील तेवढंच त्याला सांगा, पदरचं काही घालू नका. शुद्धीत नसेल तर तेही सांगा. आणि परीक्षेमुळे तुम्हीच त्याला नेलं नव्हतं, तो निर्णय त्याचा नव्हता, हे तुमच्या तोंडून त्यानं ऐकायला हवं.